कुटुंबाच्या ग्रुपवरील तारखांचा निरोप

कौटुंबिक संमेलनाच्या निरोपात ‘५/१२’ एवढेच लिहिले, तर पुण्यातील नातेवाईक ती ५ डिसेंबर समजतात. परंतु अमेरिकेत महिना आधी लिहिण्याची रीत असल्याने तेथे वाढलेली भाचरे तीच तारीख १२ मे अशी वाचू शकतात, म्हणून महिना नेहमी अक्षरांत लिहावा. सोबतचा वार पडताळ्याचे, म्हणजे चूक उघडी पाडण्याचे, काम करतो: ५ डिसेंबर २०२६ रोजी शनिवार आहे, मात्र लिहिणाऱ्याने चुकून २०२५चे कॅलेंडर पाहिले तर तो शुक्रवार लिहील आणि ही विसंगती कोणाच्या तरी ध्यानात येईल. ‘शनिवारी रात्री १२’ हा प्रयोग तर कटाक्षाने टाळावा, कारण बोलण्यात ती वेळ शनिवारची मानली गेली, तरी कॅलेंडरनुसार तेव्हा रविवार लागलेला असतो.

निर्दोष निरोप असा लिहिता येईल:

‘पर्याय अ: शनिवार, ५ डिसेंबर २०२६, दुपारी १२.३० ते ४.
पर्याय ब: रविवार, १३ डिसेंबर २०२६, सायंकाळी ५ ते ९.
वेळा भारतीय आहेत. कृपया “अ”, “ब” किंवा “दोन्ही” असे कळवावे.’

अक्षरे न दिल्यास ‘चालेल’ एवढेच उत्तर येते आणि नेमके काय चालेल, हे पुन्हा विचारावे लागते.