तीस डॉलरची बीट

नेदरलँड्समधल्या यंगकिओ नावाच्या एका पोराने घरच्या कॉम्प्युटरवर एक बीट बनवली आणि विकायला इंटरनेटवर टाकली. अमेरिकेतल्या लिल नास एक्सला ती यूट्यूबवर सापडली. त्याने बीटस्टार्स या बाजारात ३० डॉलर मोजून तिचा परवाना घेतला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘ओल्ड टाउन रोड’ प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी ते गाणं बिलबोर्डच्या यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

ऐकणारा म्हणतो, बिचारा तीस डॉलरवर फसला. पण ३० डॉलरला बीट विकली जातच नाही, ती वापरायला दिली जाते. या धंद्यात त्याला ‘लीज’ म्हणतात. मालकी बनवणाऱ्याकडेच राहते आणि तीच बीट तो आणखी वीस जणांना देऊ शकतो. स्वस्त लीजमध्ये एमपीथ्री मिळते, तिच्या वरच्या दराला वेव्ह फाइल, त्याहून वर प्रत्येक वाद्याचा ट्रॅक सुटा. दर चढतो तशी वापराची मर्यादाही सैल होते. समजा, दोन हजारांच्या लीजमध्ये एक लाख स्ट्रीमची मर्यादा घातली आणि गाणं चाललं, तर रॅपरला वरचा परवाना घ्यायला परत यावंच लागतं. शिवाय गाण्याच्या लेखन-संगीताच्या रॉयल्टीत बीटवाल्याचा वाटा करारात ठेवलेला असतो, बहुधा निम्मा. खरी कमाई तिथे असते. यंगकिओचं नावही त्या गाण्यावर निर्माता म्हणून आहेच.

सगळ्यात महागडा परवाना ‘एक्सक्लुझिव्ह’. तो दिला की ती बीट पुन्हा कुणाला देता येत नाही. मात्र आधी दिलेल्या लीज त्यामुळे आपोआप रद्द होत नाहीत, आणि हे खरेदीदाराला आधीच सांगितलं नाही तर भांडण ठरलेलं. आपल्याकडे तर अनेक सौदे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन ओळींत उरकतात. भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमचे, जगभराचे हक्क दिले’ असं दोघांना वाटत असतं, कागद मात्र वेगळंच बोलतो.

‘रॉयल्टी-फ्री’ हा निराळा प्रकार. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की दर वापरामागे पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढंच. याचा गिऱ्हाईक रॅपर नसतो, लग्नाचा व्हिडिओ एडिट करणारा किंवा जाहिरात बनवणारा असतो. तो पाँडफाइव्ह, ऑडिओजंगल अशा लायब्ररीत शिरतो आणि मूड, लांबी, वाद्य यांवरून शोधतो. तिथे ‘आत्म्याचा हुंकार’ असलं नाव दिलेला तुकडा कुणाच्या नजरेस पडत नाही. ‘शांत बासरी, ६० सेकंद’ सापडतो.

रॅपर मात्र यूट्यूबवरच शोधतो, आणि शोधतो ते आवडत्या कलाकाराच्या नावाने. MC Stan type beat असं टाइप करून पाहा. कल्पकता गुंडाळून ठेवावी लागते खरी, पण नवख्या बीटवाल्याचं नाव शोधणारं जगात कुणी नसतं. व्हिडिओखाली दुकानाची लिंक, बीटचा वेग आणि स्वर, एवढं दिलं की गिऱ्हाईक तिथून दुकानात येतं. शीर्षकातल्या free या शब्दाने गर्दी जमते, म्हणून तो सर्रास लावतात. कमाईसाठी वापर केला तर परवाना लागेल, ही अट मात्र खाली बारीक अक्षरात असते.

नेहमी उद्भवणारी कटकट वेगळीच आहे. एकच बीट लीजवर घेतलेल्या दोघांपैकी एकजण गाणं वितरकाकडे देताना Content ID ची खूण करतो. मग यूट्यूबची यंत्रणा बीटच ओळखते आणि दुसऱ्या रॅपरवर, कधी खुद्द बीटवाल्याच्या व्हिडिओवरही दावा ठोकते. दाव्यात अनोळखी गाण्याचं नाव दिसलं की समजावं, आपलंच कुणी गिऱ्हाईक आहे. लीजच्या करारात ‘Content ID मध्ये नोंद करायची नाही’ ही अट असली तर तो कागद दाखवून दावा मागे घ्यायला लावता येतो.

आणि दुसऱ्याचा तुकडा उचललेला असेल तर परवाना विकायचा हक्क तरी कुठे असतो? यंगकिओच्या बीटमधला तो बँजोसारखा वाजणारा तुकडा नाइन इंच नेल्सच्या २००८ च्या ‘घोस्ट्स’ या संग्रहातला होता. संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे मोकळेपणाने वापरायला दिलेला, पण व्यापारी वापर वगळून. तुकड्याची परवानगी आधी घेतलेली नव्हती. गाणं गाजल्यावर ती मिळवावी लागली आणि ट्रेंट रेझ्नर व अ‍ॅटिकस रॉस यांची नावं गीतकार व निर्माते म्हणून लागली. लायब्ररीत माल देताना तर संगीत संपूर्ण आपलं असल्याची हमी लिहून द्यावी लागते, तेव्हा यूट्यूबवरून उतरवलेली जुन्या गाण्याची सतार तिथे चालत नाही.