शटर स्पीड सांगत नाही ती वेळ

नाटक रंगात आलं असताना कॅमेऱ्याचा खटका वाजू नये म्हणून छायाचित्रकार ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावतात. नंतर फोटो मोठे करून पाहावेत, तर काहींवर आडवे काळपट पट्टे उमटलेले असतात. नटाचं कपाळ उजळ, हनुवटी अंधारात, छाती पुन्हा उजळ. शटर स्पीड 1/500 होता, फोकसही नेमका होता, तरी फोटो बाद होतो. याचं कारण कॅमेऱ्याच्या एका दुसऱ्याच वेळेत आहे, आणि ती वेळ पडद्यावर कुठेच दिसत नाही.

मेकॅनिकल शटरमध्ये सेन्सरपुढे दोन पडदे असतात. पुढचा पडदा सरकला की सेन्सरवर प्रकाश पडू लागतो आणि मागचा पडदा येऊन तो झाकतो. शटर स्पीड 1/500 ठेवला, तर पुढचा पडदा पलीकडे पोहोचण्याआधीच मागचा निघतो आणि दोघांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. प्रत्येक ओळीला प्रकाश 1/500 सेकंदच मिळतो, पण फट या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला साधारण 1/250 सेकंद लागतो.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पडदे हलतच नाहीत. सेन्सरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचल्या जातात, झेरॉक्स मशीनचा दिवा कागदावरून सरकतो तशा. बऱ्याच कॅमेऱ्यांत या वाचनाला 1/20 सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक ओळीला 1/500 सेकंदच प्रकाश मिळाला, तरी पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात 50 मिलिसेकंदांचं अंतर पडतं.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असते, त्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. 50 मिलिसेकंदांत मात्र असे पाच फेरे होतात. काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि फोटोत पाच काळपट पट्टे दिसतात. मेकॅनिकल पडदा 4 मिलिसेकंदांत पार होतो. एवढ्या वेळात अर्धा फेराही पुरा होत नाही, म्हणून पट्ट्यांची रांग उमटत नाही. फार तर फोटोची एक कड काळवंडते, किंवा लागोपाठच्या दोन फोटोंतला उजेड वेगवेगळा येतो.

शटर स्पीड 1/100 केला, तर प्रत्येक ओळीला दिव्याचा एक पूर्ण फेरा मिळतो आणि हे पट्टे नाहीसे होतात. 1/50 वरही तेच होतं. अर्थात 1/100 वर हलणारा हात पुसट येणार, हे गृहीत धरावं लागतं. रंगमंचावरचे मंद केलेले काही एलईडी दिवे तर सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा उघडमीट करतात, त्यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्यांचे पट्टे बारीक असतात. शटर स्पीड अगदी थोडा-थोडा बदलण्याची सोय काही कॅमेऱ्यांत असते, ती यासाठीच.

दुसरा दोष उन्हातही येतो. ताशी 90 किलोमीटरने जाणारी लोकल सेकंदाला 25 मीटर पुढे सरकते. शटर स्पीड 1/4000 ठेवला, तर एका ओळीपुरती ती जेमतेम 6 मिलिमीटर हलते, म्हणून कडा धारदार येतात. पण पूर्ण फ्रेम वाचेपर्यंत 50 मिलिसेकंदांत गाडी सव्वा मीटर पुढे गेलेली असते. डब्याची उंची फ्रेमभर असेल, तर दरवाजाचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सव्वा मीटर सरकलेले दिसतात, आणि सरळ दरवाजा तिरपा होतो. मेकॅनिकल शटरने हीच सरक 10 सेंटिमीटर भरते. शटर स्पीड कितीही वाढवला तरी हा तिरपेपणा कमी होत नाही, कारण तो वाचनाच्या वेळेतून येतो. कॅमेरा उभा धरला तर डबा तिरपा न होता लांबतो किंवा आखडतो.

आपल्या कॅमेऱ्याची ही वेळ घरीच मोजता येते. जुन्या चोकची ट्यूबलाइट लावून खोलीतले बाकीचे दिवे बंद करावेत. इलेक्ट्रॉनिक शटर आणि 1/1000 स्पीड ठेवून कोऱ्या भिंतीचा आडवा फोटो घ्यावा आणि काळे पट्टे मोजावेत. प्रत्येक पट्टा म्हणजे 10 मिलिसेकंद. तीन पट्टे आले तर वाचनाची वेळ सुमारे 30 मिलिसेकंद. पट्टे दिसलेच नाहीत, तर दिवा बदलून पाहावा.

ही वेळ कमी करण्यावरच कॅमेरा कंपन्यांचा भर राहिला आहे. निकॉनच्या 2021 सालच्या झेड 9 चं वाचन इतकं वेगवान आहे की त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. सोनीच्या 2023 सालच्या ए 9 थ्री मध्ये सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात, म्हणून दरवाजा तिरपा होत नाही. मात्र मंद-प्रखर दिव्याखाली त्याचेही फोटो एक उजळ, एक काळपट येऊ शकतात.

बाकीच्या कॅमेऱ्यांसाठी निवड मोजलेल्या आकड्यावरून करावी. 30-50 मिलिसेकंद भरले, तर बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आणि धावत्या गाडीसाठी मेकॅनिकल शटरच लावावं. नाटकात आवाज चालत नसेल, तर नट स्थिर उभे असतानाचे क्षण 1/100 वर टिपावेत.