परदेशी वितरकाला पहिला मेल

कागल तालुक्यातला एक गुऱ्हाळवाला समजू या. रसायनाशिवाय गूळ करतो, मळी काढायला भेंडीचं पाणी वापरतो आणि आता गुळाची पावडर पाकिटात भरून विकतो. इंग्लंडमध्ये भारतीय किराणा पुरवणाऱ्या एका वितरकाला त्याला मेल करायचाय. हे दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

असे मेल बहुतेक एकाच साच्यात लिहिले जातात. ‘आदरणीय महोदय, आम्ही अग्रगण्य उत्पादक व निर्यातदार आहोत, आमचा माल उत्तम दर्जाचा आहे,’ आणि सोबत आठ-दहा एमबीचं माहितीपत्रक. तोच मेल शंभर जणांना एकदम धाडलेला. तो वितरकापर्यंत पोचला तरी उघडला जात नाही, आणि उघडला तरी त्यात त्याच्या कामाचं काही नसतं. गूळ चांगला की वाईट, हा त्याचा पहिला प्रश्नच नाही. हा माल मागवला तर मी अडचणीत येईन का, एवढंच तो बघतो.

गुळाच्या बाबतीत ही अडचण ठरलेली आहे. रंग पिवळाधमक यावा म्हणून अनेक गुऱ्हाळांत हायड्रोस टाकतात. त्यातून गुळात सल्फाइट उतरतं. ब्रिटनमध्ये सल्फाइट हा ॲलर्जीकारक घटक मानला जातो. त्याचं प्रमाण किलोला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर ते लेबलवर छापावंच लागतं. लेबलवर नसलेलं सल्फाइट तपासणीत सापडलं, तर माल बाजारातून परत घ्यायची वेळ वितरकावर येते. दुसरी भीती ओलाव्याची. पावडर हवेतलं पाणी ओढते, आणि समुद्रातल्या महिन्याभराच्या प्रवासात तिचे गोळे झाले तर ग्राहक पाकीट परत आणून देतो. मेलमध्ये या दोन गोष्टींचं उत्तर हवं.

म्हणून मेलच्या आधीचं काम मोठं असतं. एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत बॅचनुसार सल्फाइट तपासून घ्यायचं. अहवाल हातात नसेल तर मेल थांबवलेला बरा, कारण उत्तर आलंच तर तोच कागद आधी मागितला जातो. मग वितरकाची वेबसाइट नीट बघायची. तो गूळ ठेवतो का? ढेप ठेवतो की पावडर? मोठ्या सुपरमार्केटना पुरवठा करणारा असेल तर कारखान्याचं बीआरसीजीएस प्रमाणपत्र मागेल, आणि ते लहान गुऱ्हाळाकडे सहसा नसतं. त्यामुळे दुकानदारांना माल देणारा मध्यम वितरक निवडावा. खरेदी बघणाऱ्या माणसाचं नावही शोधावं.

मेल इंग्रजीत जाईल, मजकूर असा:

‘विषय: सल्फाइटरहित गूळ पावडर, ५०० ग्रॅम – कोल्हापूर

नमस्कार. तुमच्या यादीत गुळाची ढेप आहे, पावडर दिसली नाही. आम्ही कागलला स्वतःच्या गुऱ्हाळात हायड्रोस न वापरता पावडर बनवतो. गेल्या महिन्याच्या बॅचमध्ये सल्फाइट १० मिलिग्रॅमच्या खाली आहे. अहवाल मागितल्यास लगेच पाठवतो. पाकीट ओलावा अडवणारं आहे, टिकवण १२ महिने. पहिली ऑर्डर एका पॅलेटचीही चालेल, सुमारे ५०० किलो. भाव न्हावा शेवा एफओबी. दोन पाकिटं नमुन्याला पाठवू का? कोणत्या पत्त्यावर?’

खाली पूर्ण नाव, गुऱ्हाळाचा पत्ता, फोन, आयात-निर्यात कोड आणि एफएसएसएआय क्रमांक. एका पॅलेटचा उल्लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. अख्खा कंटेनर घ्या म्हटलं की अनोळखी माणूस मागे सरतो. पॅलेट मात्र इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये जाऊ शकतं. विचारायचंही नमुन्यापुरतंच. पहिल्याच मेलात ‘तुम्हीच आमचे एकमेव वितरक व्हा’ म्हणणं म्हणजे स्वतःचे हात बांधून घेणं.

मेल स्वतःच्या डोमेनवरून जावा, आणि त्या डोमेनवर SPF व DKIM लावून घ्यावं. नाहीतर स्पॅममध्ये पडायची शक्यता वाढते. पहिल्या मेलला काहीही जोडू नये. देशाचा कायदाही बघायला हवा. ब्रिटनमध्ये कंपन्यांना असा मेल पूर्वसंमतीशिवाय पाठवता येतो, मात्र पाठवणारा कोण हे उघड हवं आणि ‘नको’ म्हणायची सोय हवी. जर्मनीत कंपनीलासुद्धा पूर्वसंमतीशिवाय जाहिरातीचा मेल चालत नाही. तिथे फोनलाही बंधनं आहेत, म्हणून प्रदर्शनात भेटणं किंवा टपालानं पत्र पाठवणं बरं.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलच्या धाग्यात चार ओळी लिहाव्यात, आणि त्यात काहीतरी नवं असावं, जसं ताज्या बॅचचा सल्फाइटचा आकडा. ‘माझा मेल पाहिलात का?’ एवढंच विचारू नये. त्यानंतर आणखी एकदा, मग त्या वितरकाचा नाद सोडून यादीतला पुढचा घ्यावा. आणि ‘अहवाल पाठवा’ असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी तो पाठवावा. फक्त त्यावरचा बॅच नंबर नमुन्याच्या पाकिटावरच्या नंबराशी जुळतो ना, हे आधी ताडून घ्यावं.