जुना लॅपटॉप घेण्याआधी पाठवायचा मेल

भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. नाशिकच्या एका गृहस्थांनी तीन वर्षं वापरलेला विंडोज लॅपटॉप २४,००० रुपयांना विकायला काढला होता. फोनवर ते म्हणाले, ‘बॅटरी एकदम मस्त आहे, बिलही असेल घरात कुठेतरी.’ माणूस सरळ वाटला. तरीही पुण्याहून निघण्याआधी मी त्यांना मेल केला, कारण लेखी विचारलं की माणूस उत्तर द्यायला एकदा लॅपटॉप उघडतो आणि कपाटातलं बिलही शोधतो.

> नमस्कार,
> आपला लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. येण्याआधी थोडी माहिती हवी होती.
> बॅटरी रिपोर्टची फाइल पाठवाल का? ती कशी काढायची ते खाली लिहिलं आहे. बॅटरी मूळचीच आहे की बदलली आहे? बदलली असेल तर कधी?
> मूळ बिल कोणाच्या नावावर आहे? तारीख आणि सिरियल नंबर दिसेल असा त्याचा फोटो पाठवावा. पत्ता आणि मोबाइल नंबर झाकला तरी चालेल.
> हा लॅपटॉप कधी ऑफिसच्या खात्याला जोडलेला होता का?

‘बॅटरी कशी आहे?’ असं मी मुद्दामच विचारलं नाही. त्याचं उत्तर ‘चांगली आहे’ एवढंच येतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाइप केली की बॅटरीची कुंडलीच मिळते:

```
powercfg /batteryreport
```

फाइल कुठे साठवली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडायची आणि तीन ओळी बघायच्या. DESIGN CAPACITY म्हणजे नवी असताना बॅटरीत किती वीज मावायची, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आता किती मावते, आणि CYCLE COUNT म्हणजे किती सायकल झाल्या. त्यांच्या रिपोर्टमध्ये अनुक्रमे ५०,००० मिलिवॅट-तास, ३२,५०० आणि ४१० असे आकडे होते. म्हणजे बॅटरी ६५ टक्क्यांवर आली होती. नवा असताना सहा तास चालणारा लॅपटॉप तशाच कामाला आता चार तासांच्या आतच चार्जर मागणार.

चार्जर लावला की एक सायकल, असं बरेच जण समजतात. तसं नसतं. आज ६० टक्के वापरली, रात्री चार्ज केली आणि उद्या ४० टक्के वापरली, की मिळून एक सायकल होते. त्यामुळे कायम चार्जरवर चालवलेल्या लॅपटॉपच्या सायकल कमी दिसतात, पण सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली बॅटरी न वापरताही झिजते. म्हणून नुसत्या सायकलच्या आकड्यावर भुलू नये, क्षमतेशी ताडून पाहावा. काही लॅपटॉपच्या रिपोर्टमध्ये सायकलच्या जागी शून्य किंवा नुसती रेघ येते. ती बॅटरी हा आकडा कळवतच नाही, त्यात विकणाऱ्याची लबाडी नसते. मॅकबुक असेल तर System Information मध्ये Power खाली Cycle Count दिसतो. अलीकडच्या मॅकबुकसाठी ॲपलने १,००० सायकलची मर्यादा दिलेली आहे.

बिल मात्र त्यांच्या भावाच्या नावाचं निघालं. यात बिघडत काही नाही, फक्त खुलासा हवा. भावाने दोन ओळी लिहून सही करून दिली. बिलाचं खरं काम सिरियल नंबरचं असतं. तो लॅपटॉपच्या तळाशी असतो, पण तळाचं झाकण बदललेलं असू शकतं. म्हणून पॉवरशेलमध्ये हेही पाहावं:

```
Get-CimInstance Win32_BIOS
```

इथला SerialNumber, तळाचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. बिल कंपनीच्या नावाचं असेल तर लॅपटॉप विकल्याचं कंपनीचं पत्र मागावं. ते नसेल तर मी तो व्यवहार सोडून देईन. ऑफिसच्या यंत्रणेत नोंद राहिलेला लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर पुन्हा त्याच ऑफिसचं लॉगिन मागू शकतो. आणि चोरीचा माल आहे असं मानायला जागा असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो.

मेलवर आलेल्या फाइलमधले आकडे कुणालाही बदलता येतात. म्हणून नाशिकला पोहोचल्यावर तीच कमांड मी त्यांच्यासमोर पुन्हा चालवली. आकडे तेच आले, सिरियल नंबरही जुळले. सेवा केंद्राने नव्या बॅटरीचे ४,५०० रुपये सांगितले होते. ते मी त्यांना सांगितलं आणि सौदा २०,५०० वर ठरला. मूळ बिलासोबत त्यांनी पावती लिहून दिली, तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या आहेत.