सामू ७ झाला, पण क्लोराइड कुठे गेला?

पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, आणि तिथली कासाडी नदी प्रदूषणाच्या तक्रारींमुळे वेळोवेळी चर्चेत येते. आम्लयुक्त सांडपाण्याचा सामू ७ वर आणला की पाणी निर्धोक झालं, असं अनेकजण धरून चालतात. हा समज निव्वळ आयनिक समीकरण चुकीचं वाचल्यामुळे होतो.

समजा, १ लिटर पाण्यात ३.६५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड आहे. त्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा घातला की आम्ल आणि आम्लारी एकमेकांना पुरून उरत नाहीत. आयन सुटे करून लिहू:

H⁺ + Cl⁻ + Na⁺ + OH⁻ → Na⁺ + Cl⁻ + H₂O

दोन्ही बाजूंना जसेच्या तसे दिसणारे Na⁺ आणि Cl⁻ खोडले की उरतं H⁺ + OH⁻ → H₂O. खोडलेले ते प्रेक्षक आयन. ते खोडले जातात कागदावर. पाण्यात मात्र ३.५५ ग्रॅम क्लोराइड तसाच राहतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. हे पाणी तिच्या चौदापट, आणि सामूमापक त्याविषयी काहीच सांगत नाही.

दुसरा गैरसमज असा, की क्लोराइड किंवा सोडियम हे कायमचेच प्रेक्षक. याच उदासीन पाण्याचे थोडे थेंब परीक्षानळीत घ्यावेत, विरल नायट्रिक आम्ल घालावं आणि मग सिल्व्हर नायट्रेट. लगेच दह्यासारखा पांढरा अवक्षेप दिसतो:

Ag⁺ + Cl⁻ → AgCl(s)

आता क्लोराइड अभिक्रियेत उतरला. सोडियम आणि नायट्रेट प्रेक्षक ठरले. नायट्रिक आम्लाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर चाचणीच वाया जाते, कारण क्लोराइड आपणच ओतलेला असतो. आम्ल वगळलं, तर कार्बोनेटचाही चांदीसोबत अवक्षेप पडतो आणि फसगत होते.

तिसरी चूक परीक्षेत हमखास दिसते: प्रत्येक उदासिनीकरणाला H⁺ + OH⁻ → H₂O लिहून मोकळं होणं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल दुर्बल आहे, पाण्यात त्याचे बहुतेक रेणू अखंडच असतात. म्हणून ते अखंडच लिहायचं:

CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O

कॉस्टिक सोडा वापरला असेल, तर इथे प्रेक्षक फक्त सोडियम.

सांडपाण्यासाठी बऱ्याचदा स्वस्त चुनाच वापरतात, आणि तिथे आणखी बारकाई लागते. चुन्याच्या नितळ निवळीत विरघळलेले आयन असतात, तर चुन्याच्या दाट पांढऱ्या द्रावात न विरघळलेले कण तरंगत असतात. घन पदार्थ फोडून लिहीत नाहीत. त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लात असा दाट चुना घातला, तर समीकरण होतं:

Ca(OH)₂(s) + 2H⁺ → Ca²⁺ + 2H₂O

निवळी घेतली असती तर कॅल्शियम प्रेक्षक राहिला असता. इथे तो घनातून सुटून पाण्यात आला, म्हणून खोडता येत नाही. प्रेक्षक एकटा क्लोराइड. पडताळणीसाठी प्रभार मोजावा: डावीकडे +२, उजवीकडेही +२.