‘यातली चांगली लेन्स कोणती?’

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढतात आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 साली असे भिंग पहिल्यांदा बसवले, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आज शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी रुग्णापुढे निदान दोन नावे ठेवली जातात, मोनोफोकल आणि मल्टिफोकल. त्यावर रुग्णाचा किंवा सोबत आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: यातली चांगली कोणती?

या प्रश्नाला जसेच्या तसे उत्तर देता येत नाही, कारण चांगली कशासाठी हे त्यात आलेलेच नसते. मोनोफोकल लेन्सचा फोकस एकाच अंतरावर असतो. तो सहसा लांबचा ठेवतात. मग रस्ता, टीव्ही, समोरून येणारा माणूस स्वच्छ दिसतो, पण पेपर वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश दोन किंवा तीन अंतरांसाठी वाटून देते, त्यामुळे बरीचशी कामे चष्म्याशिवाय होतात. मात्र वाटलेला प्रकाश प्रत्येक अंतराला थोडा कमीच मिळतो. अंधूक उजेडात पायरीची कडा किंवा फिकट छपाई तितकी उठून दिसत नाही आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. मेंदूला त्याची सवय होते, पण तिला काही महिने लागू शकतात आणि काही जणांना ती नीटशी होतच नाही. एक लेन्स स्पष्टपणा राखते, दुसरी चष्मा टाळते. मल्टिफोकलची किंमत बरीच जास्त असल्याने तीच वरच्या दर्जाची, असा समज होतो. प्रत्यक्षात तिथे दर्जाची चढउतार नसते, देवाणघेवाण असते.

काही डोळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याआधीच सुटलेला असतो. दृष्टिपटलाचा मध्यभाग खराब असेल, काचबिंदू पुढे गेलेला असेल किंवा मधुमेहाने पडद्यावर परिणाम केला असेल, तर स्पष्टपणा आधीच घटलेला असतो. त्यात आणखी घट करणारी लेन्स तिथे सहसा टाळतात. अशा वेळी रुग्णाच्या आवडीनिवडी विचारत बसण्यापेक्षा कारण सरळ सांगणे बरे.

डोळे बाकी निरोगी असतील, तर मात्र निवड माणसावर येते. इथे सगळ्यात निरुपयोगी प्रश्न म्हणजे ‘तुम्हाला काय हवंय?’ कारण त्याचे उत्तर ‘सगळं नीट दिसायला हवं’ हेच येते, आणि ते खरेही असते. माणसाला आपली गरज अशी सुटी काढून सांगता येत नाही, पण आपला दिवस सांगता येतो. म्हणून विचारायचे ते दिवसाबद्दल: काल सकाळपासून चष्मा केव्हा घातला, केव्हा काढून ठेवला? रात्री गाडी कोण चालवते? पोथी, मोबाइल, शिवणकाम यांपैकी रोजचे काय? अमेरिकेतील नेत्रशल्यविशारद स्टीव्हन डेल यांची या कामासाठीची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. रात्रीच्या वलयांचा त्रास चालेल का, हे तर ती विचारतेच, शिवाय आपण चालवून घेणारे आहोत की काटेकोर, याची खूण रुग्णाला एका रेषेवर करायला लावते. हा प्रश्न स्वभावाचा असला तरी तो अत्यंत कामाचा आहे, कारण तेच वलय एक जण चार दिवसांत विसरतो आणि दुसऱ्याला ते रोज खुपत राहते.

एक उदाहरण बारकाईने पाहू. समजा, चौसष्ट वर्षांच्या एक बाई मुलासोबत आल्या आहेत. मुलगा म्हणतो, ‘पैशाचं बघू नका डॉक्टर, आईला सगळ्यात चांगली बसवा. आता चष्मा नको तिला.’ आई मान डोलावते. इथे थांबले तर मल्टिफोकल ठरून जाईल. आता आईलाच विचारले, ‘सुईत दोरा कोण ओवतं?’ उत्तर येते, ‘मीच की. चष्मा काढला की बरोबर दिसतं. पोथीही तशीच वाचते.’ हे कधीपासून, हे विचारणे आवश्यक असते. मोतीबिंदू वाढताना काहींचा नंबर उणे बाजूला सरकतो आणि म्हातारपणी अचानक बिनचष्म्याचे वाचता येऊ लागते. बाईंचे तसे नाही. शाळेपासून त्यांना उणे तीनच्या आसपास नंबर आहे. म्हणजे सुमारे एक फुटावरचे त्यांना जन्मभर उघड्या डोळ्यांनी दिसत आले आहे आणि बाहेर पडताना चष्मा लावण्यात त्यांना कधी वावगे वाटलेले नाही.

यानंतरचा प्रश्न सोडून देण्याचा असतो. ‘समजा दोन्ही मिळणार नाही. बाहेर चष्म्याशिवाय फिरता येईल, पण वाचायला चष्मा लागेल. किंवा वाचन बिनचष्म्याचं, पण बाहेर चष्मा. कोणतं सोडाल?’ किंमत इथे मुद्दाम सांगितलेली नाही, कारण आकडा ऐकला की उत्तर त्याच्याकडे झुकते. बाई लगेच म्हणतात, ‘बाहेर घालीन की. घालतेच आहे.’ मुलाने गृहीत धरलेला ‘चष्मा नको’ हा निकष मुळात आईचा नव्हताच. चष्मा काढला की जवळचे दिसते ही तिच्या लेखी इतकी साधी गोष्ट होती, की ती जाऊ शकते हे तिच्या मनातही आले नव्हते. तिच्यासाठी योग्य ठरते ती साधी मोनोफोकल, पण जवळच्या अंतरावर, म्हणजे उणे अडीचच्या सुमारास ठेवलेली. विचारलेल्या दोन पर्यायांत हे उत्तर नेमके असे नव्हतेच. नेहमीप्रमाणे लांबचा फोकस ठेवला असता, तर तपासणीच्या कागदावर शस्त्रक्रिया उत्तम ठरली असती आणि बाई मात्र पोथी दिसत नाही म्हणून हळहळत राहिल्या असत्या.

निर्णय पक्का करण्याआधी एक पडताळणी उरते. ठरलेला पर्याय त्याच्या तोट्यासकट मोठ्याने सांगायचा: ‘म्हणजे रस्त्यावर, देवळात, लग्नकार्यात चष्मा कायम राहणार.’ खरा निकष सापडला असेल तर माणूस हे शांतपणे मान्य करतो. तो अडखळला, ‘पण’ म्हणाला, तर त्या ‘पण’नंतर येते तीच आजवर न सांगितलेली गोष्ट असते, आणि विचारणे तिथून पुन्हा सुरू करावे लागते. किंमत सांगायची ती या टप्प्यावर. तिने उत्तर बदलले, तर खर्च हाही एक निकष आहे एवढेच कळते आणि तो उघडपणे हिशेबात घेता येतो.

यालाही मर्यादा आहेत. भिंगाचा नंबर मोजमापांवरून काढलेला अंदाज असतो आणि तो अर्ध्या डायऑप्टरने चुकणे नवे नाही, म्हणून ‘चष्मा पूर्ण जाईल’ असे वचन कोणत्याच लेन्सबद्दल देऊ नये. बसवलेली लेन्स काढून दुसरी घालता येते, पण ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा जोखमीची असते. पुष्कळदा दोन डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे अंतर ठेवतात. दुसऱ्या डोळ्यापूर्वी हेच प्रश्न पुन्हा विचारले, तर उत्तरे अधिक नेमकी मिळतात, कारण आता रुग्ण पहिल्या डोळ्याच्या अनुभवावरून बोलत असतो, आणि गरज वाटल्यास दुसऱ्या डोळ्याचा फोकस थोडा वेगळा ठेवता येतो.