नोकरी सांभाळून इंजिनीअरिंग करायचंय? कंपनीकडे ‘ना हरकत’ मागताना पत्रात या चुका टाळा

बोईसर : डिप्लोमा करून तारापूर एमआयडीसीत लागलेल्यांना आता नोकरी न सोडता इंजिनीअरिंगची पदवी घेता येते. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी स्वतंत्र वर्गांना परवानगी दिली आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव हवा आणि कॉलेजपासूनच्या अंतराचीही अट आहे. प्रवेशाच्या कागदपत्रांत कंपनीचे ना हरकत पत्रही मागितले जाते. मात्र अर्जातल्या एका चुकीच्या वाक्यामुळे ते अडकू शकते.

अर्ज कुणाच्या नावे?

आधी पगाराची स्लिप पाहा. त्यावर ठेकेदाराचे नाव असेल, तर तुमचा मालक ठेकेदार आहे. तुम्ही ज्या कारखान्यात काम करता, त्याच्या एचआरकडे अर्ज देऊन उपयोग नाही.

चूक कुठे होते?

समजा, केमिकल प्लांटमधल्या एका ऑपरेटरने असे लिहिले :

‘मी पुढील शिक्षणासाठी प्रवेश घेतला आहे. तरी मला कॉलेजला जाण्याची परवानगी द्यावी. कामावर काहीही परिणाम होणार नाही याची हमी देतो.’

वाचायला ठीक वाटते, पण यात तीन अडचणी आहेत. ‘प्रवेश घेतला आहे’ म्हणजे न विचारता आधीच ठरवले, असा अर्थ निघतो. ‘कॉलेजला जाण्याची परवानगी’ हे शब्द एचआरला रजेचा अर्ज वाटतात आणि अर्ज शिफ्ट इन्चार्जकडे जातो. तिसरी अडचण ‘हमी’ची. शिफ्ट दर आठवड्याला फिरत असेल, तर ही हमी पाळणे कठीण. उद्या एखादी शिफ्ट चुकली, तर हेच वाक्य समोर ठेवले जाईल.

दुरुस्त केलेला मजकूर

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
>
> विषय : पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यासाठी ना हरकत पत्र मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी आपल्या कंपनीत (तारीख) पासून (पद) या पदावर कार्यरत आहे. मला (शैक्षणिक वर्ष) मध्ये (कॉलेज) येथे नोकरदारांसाठीच्या (शाखा) पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा आहे. वर्ग (वेळ) या वेळेत असतील. माझ्या शिफ्टशी वेळ जुळत नसल्यास मी आगाऊ लेखी कळवीन. शिफ्टबदलाचा निर्णय कंपनीचा राहील. तरी आपली हरकत नसल्याचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर द्यावे, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, कर्मचारी क्रमांक)

यात रजा मागितलेली नाही, फीसाठी मदतही नाही. ती हवी असेल तर वेगळा अर्ज करा. एका पत्रात दोन मागण्या असल्या की एकीसाठी दुसरी थांबते.

पत्र हातात आल्यावर

तुमचे नाव मार्कशीटप्रमाणेच आहे का, अभ्यासक्रम आणि वर्ष बरोबर आहे का, तारीख, सही व शिक्का आहे का, हे तिथेच तपासा. ‘अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही’ अशी अट घातली असेल, तर ती नीट वाचल्याशिवाय पोच म्हणून सही करू नका. अर्ज देताना मात्र आपल्या प्रतीवर आवक शिक्का नक्की घ्या. प्रवेशाची मुदत जवळ आली आणि उत्तर आले नाही, तर अर्ज कधी दिला होता हे त्यावरूनच दाखवता येते.